बीई मेकॅनिकल आणि ऑस्ट्रेलियाचं स्किल्स असेसमेंट : सीडीआर विकत घ्यावा का स्वतः लिहावा?

प्रश्न : "पुण्यातून बीई मेकॅनिकल, २०१६. वय ३१, चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत प्लांट मेंटेनन्स आणि प्रॉडक्शनमध्ये ७ वर्षं. ऑस्ट्रेलिया पीआरसाठी एजंट म्हणतो सीडीआर आम्ही रेडीमेड बनवून देतो, तुम्ही फक्त डिग्री आणि मार्कशीट द्या. भारत वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये आहे ना, मग सीडीआर लागतोच कशाला? आणि माझं काम मेंटेनन्सचं, त्यात लिहिण्यासारखं काही डिझाइन वगैरे नाहीये. काय करू?"

सगळ्यात आधी, एजंटला होकार देऊ नका. पैसे दिले असतील तरी ती फाइल अपलोड करू नका. का ते खाली येतंच, पण हे एवढं पहिल्यांदा सांगायचं होतं.

मी स्वतः मेकॅनिकलचा, सीडीआर, म्हणजे इंजिनिअर म्हणून आपली क्षमता दाखवणारा अहवाल, लिहून ऑस्ट्रेलियात आलो आणि गेली बरीच वर्षं इथल्या आणि तिकडच्या आपल्या मुलामुलींचे ड्राफ्ट रविवारी बसून वाचतो. मायग्रेशन एजंट नाहीये, त्यामुळे व्हिसाचा सल्ला हवा असेल तर तो ऑस्ट्रेलियात रजिस्टर असलेल्या एजंटकडूनच घ्या, मी बोलतोय ते इंजिनिअर म्हणून, असेसमेंटपुरतं. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन गोष्टी गुंतल्यात. एक म्हणजे डिग्रीला मान्यता आहे का, आणि दुसरी, जी जास्त महत्त्वाची आहे, ती म्हणजे "मी मेंटेनन्सवाला, मी इंजिनिअरिंग केलंच कुठे" ही मनातली शंका. एजंट याच शंकेवर धंदा करतात.

आधी अकॉर्डचं बघू. वॉशिंग्टन अकॉर्ड म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मान्य करायचा आंतरराष्ट्रीय करार. भारत २०१४ साली वॉशिंग्टन अकॉर्डचा पूर्ण सदस्य झाला हे बरोबर आहे, पण सदस्य आहे ती आपल्याकडे अभ्यासक्रमांना मान्यता देणारी एनबीए ही संस्था, आणि तिने टिअर १ मध्ये मान्यता दिलेल्या प्रोग्रामनाच अकॉर्डचा फायदा मिळतो. इथेच सगळे फसतात. कॉलेजच्या गेटवर "एनबीए अॅक्रेडिटेड" असा बोर्ड असतो, पण ऑटोनॉमस नसलेली, विद्यापीठाशी संलग्न असलेली बहुतेक कॉलेजं टिअर २ मध्ये येतात, आणि टिअर २ ची मान्यता अकॉर्डखाली धरत नाहीत. शिवाय मान्यता कॉलेजला नसते, ब्रँचला असते, म्हणजे एकाच कॉलेजचं मेकॅनिकल यादीत असेल आणि सिव्हिल नसेल असं होऊ शकतं. आणि मान्यता ठरावीक वर्षांसाठी असते, तुमचं पासिंगचं वर्ष त्यात बसायला हवं. एनबीएच्या साइटवर कॉलेजचं नाव, ब्रँच, टिअर आणि वर्षं या चारही गोष्टी एका ओळीत जुळल्या तरच अकॉर्डच्या रस्त्याने जाता येतं. तुमचं कॉलेज तेव्हा ऑटोनॉमस होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे तुम्हालाच तपासावं लागेल. नव्हतं, तर सीडीआर लिहायचा हे धरून चला. त्यात कमीपणा काही नाही, आपल्याकडच्या कितीतरी जणांचा रस्ता हाच असतो.

सीडीआर म्हणजे नेमकं काय मागतात? इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था तुमची डिग्री नुसती बघून सोडत नाही, तुम्ही इंजिनिअरसारखा विचार करता का हे बघते. त्यासाठी तीन करिअर एपिसोड लिहायचे, प्रत्येक १००० ते २५०० शब्दांचा, प्रत्येकात तुमच्या कामातला किंवा शिक्षणातला एक प्रसंग. मग एक समरी स्टेटमेंट, ज्यात त्यांनी ठरवलेल्या १६ क्षमतांसमोर तुमच्या एपिसोडमधल्या परिच्छेदांचे नंबर टाकायचे. शिवाय सीपीडीची, म्हणजे डिग्रीनंतर घेतलेल्या प्रशिक्षणाची, एक पानी यादी, सीव्ही, डिग्री, मार्कशीट, आणि आयईएलटीएस दिली तर चारही मॉड्यूलमध्ये किमान ६. तिघांपैकी एक एपिसोड फायनल इयरच्या प्रोजेक्टवर चालतो, तो खरंच तुम्ही केला असेल तर.

आता खरा मुद्दा. हे तीन एपिसोड वाचणारा माणूस स्वतः इंजिनिअर असतो आणि त्याला एकच गोष्ट शोधायची असते, "या माणसाने स्वतः काय ठरवलं आणि कशाच्या जोरावर ठरवलं". टीमने काय केलं, कंपनीची उलाढाल किती, प्लांट किती एकरांत आहे, यात त्याला रस नसतो. आणि इथे आपली मराठी सवय आडवी येते. आपल्याकडे "मी केलं" म्हणणं म्हणजे शेखी मिरवणं, लहानपणापासून "आपण केलं", "सगळ्यांनी मिळून केलं" असंच बोलायची सवय. चांगली सवय आहे, पण सीडीआरमध्ये ती तुमचं काम पुसून टाकते. मी वाचलेल्या पहिल्या ड्राफ्टमध्ये शंभर वेळा "आम्ही" असतं आणि "मी" असतं फक्त शेवटच्या ओळीत, की मला या प्रोजेक्टमधून खूप शिकायला मिळालं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते तुमच्या कामाच्या अगदी जवळचं आहे. वाळूजच्या एका रबर पार्ट्सच्या प्लांटमधला मुलगा, मेंटेनन्स इंजिनिअर, तुमच्यासारखाच म्हणाला, "काका, माझ्याकडे डिझाइनचं काहीच नाही, ब्रेकडाउन अटेंड करायचं एवढंच". त्याच्या ड्राफ्टमधला एक परिच्छेद असा होता, मराठीत सांगतो : आमच्या प्लांटमध्ये हायड्रॉलिक प्रेसमध्ये तेल गरम होण्याची समस्या होती, आमच्या टीमने रूट कॉज अॅनालिसिस करून ती सोडवली आणि डाउनटाइम कमी झाला. संपलं. अडीच ओळी. बाकी दोन पानं कंपनीचा इतिहास आणि आयएसओ सर्टिफिकेट.

मी त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि म्हटलं, लिहू नकोस, नुसतं सांग.

"तेल गरम होतंय हे कुणाला पहिल्यांदा कळलं?"

"ऑपरेटर म्हणाला दुपारी प्रेस ढिली पडते, प्रेशर टिकत नाही."

"मग तू काय केलंस?"

"सगळ्यांनी कूलर साफ केला."

"सगळ्यांनी नको. तू?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मी टेंपरेचर गन घेऊन सगळ्या लाइन बघितल्या. सिलिंडरची रिटर्न लाइन कोमट होती आणि रिलीफ व्हॉल्वची बॉडी हात लावता येईना इतकी तापलेली."

हे ऐकल्यावर मी त्याला म्हटलं, अरे हाच तुझा एपिसोड आहे. कारण त्या एका मोजणीत निदान होतं. बघा ना, रबर प्रेसमध्ये साचा बंद झाला की रबर शिजेपर्यंत प्रेशर नुसतं धरून ठेवायचं असतं, सिलिंडर हलत नाही. त्याची सायकल ५ मिनिटांची आणि त्यातली ४ मिनिटं होल्ड. जुनी प्रेस, पंप फिक्स्ड डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे ती ४ मिनिटं पंप पूर्ण तेल ढकलतोय आणि ते सगळं रिलीफ व्हॉल्ववरून टँकमध्ये परत जातंय. काम शून्य, सगळी शक्ती उष्णतेत. पंप मिनिटाला ४० लिटरचा आणि रिलीफ १५० बारला सेट केलेला. हिशोब आपण सगळे शिकलोय :

```
P = Q × p / 600
P = 40 × 150 / 600 = 10 kW
```

दहा किलोवॉट उष्णता, पाचातली चार मिनिटं, म्हणजे सरासरी ८. आणि कूलरची क्षमता कागदावर ५, तीही कूलिंग टॉवरचं पाणी गार असताना. एप्रिल-मे मध्ये वाळूजला दुपारी टॉवरचं पाणीच कोमट. टँकच्या पत्र्यातून थोडी उष्णता निघून जायची, म्हणून हिवाळ्यात कसंबसं भागत होतं आणि उन्हाळ्यात दुपार झाली की तेल ७० डिग्रीच्या आसपास जायचं, तेल पातळ झालं की पंपातली आणि व्हॉल्वमधली गळती वाढते, म्हणून प्रेशर टिकेना. ऑपरेटरचं "दुपारी ढिली पडते" हे वाक्य इतकं बरोबर होतं, आणि ते या पोराने आकड्यात उतरवलं होतं, वहीच्या मागच्या पानावर, पण ड्राफ्टमध्ये त्यातलं एक अक्षर नव्हतं.

पुढे विचारलं, मग उपाय काय काय होते? तेव्हा कळलं की सप्लायरने मोठा कूलर सुचवला होता आणि मॅनेजरही त्यालाच तयार होते, कारण खर्च दिसतोय, काम सोपं. हा म्हणाला की सर, उष्णता तयार करून मग पाणी टाकून काढण्यापेक्षा ती तयारच होऊ देऊ नये. त्याने सुचवलं की लाइनमध्ये पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व आणि छोटा अॅक्युम्युलेटर टाकायचा, प्रेशर आलं की चेक व्हॉल्व ते अडवून धरेल, पंप अनलोड होऊन तेल कमी प्रेशरवर टँकमध्ये फिरवेल, आणि प्रेशर १० बारने खाली आलं की प्रेशर स्विच पंपाला परत लोडवर घेईल. तिसरा पर्याय प्रेशर कॉम्पेन्सेटेड पंपाचा होता, तो त्याने सोडला कारण पंप, कपलिंग, मोटरचं माउंटिंग सगळंच बदलावं लागलं असतं आणि प्रेस जास्त दिवस बंद ठेवता येत नव्हती. बदलानंतर त्याने आठवडाभर दर तासाला तेलाचं टेंपरेचर लिहून ठेवलं, दुपारीसुद्धा ५० च्या आसपास.

आता एक गोष्ट अशी, जी सांगायची त्याच्या लक्षातही नव्हती. मी विचारलं, अॅक्युम्युलेटर बसवल्यावर मेंटेनन्सला काय बदललं? तो म्हणाला, हो, ते एक होतंच, आधी मोटर बंद केली की लाइन मोकळी व्हायची, आता मोटर बंद असली तरी अॅक्युम्युलेटरमध्ये प्रेशर राहतं, फिटरने सवयीने पाइप खोलला असता तर जीवावर बेतलं असतं, म्हणून मी हाताने उघडायचा डंप व्हॉल्व आणि त्याच्या शेजारी गेज घेतला, लॉकआउटच्या प्रोसिजरमध्ये "गेज शून्य झाल्याशिवाय स्पॅनर लावायचा नाही" ही पायरी टाकली आणि तिन्ही शिफ्टच्या फिटरना मशीनपाशी उभं करून दाखवलं.

मला त्या दिवशी खरंच भरून आलं. इतकं नीट, इतकं जबाबदारीने केलेलं काम, आणि पोरगा म्हणतोय माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही.

आता हे समरी स्टेटमेंटमध्ये कसं बसतं बघा, म्हणजे ते कोष्टक भीतीदायक वाटणार नाही. प्रोफेशनल इंजिनिअरसाठी क्षमता तीन गटांत असतात, PE1 ज्ञानाचा, PE2 ते ज्ञान वापरण्याचा, PE3 व्यावसायिक वागणुकीचा, आणि गटांत अनुक्रमे ६, ४ आणि ६ मुद्दे. त्याने एपिसोडचे परिच्छेद 2.1, 2.2 असे नंबर देऊन लिहिले, कारण हा दुसरा एपिसोड. रिलीफ व्हॉल्वची मोजणी आणि किलोवॉटचा हिशोब 2.6 मध्ये, तो PE1.1 ला जातो, म्हणजे मूलभूत विज्ञान समजतं आणि वापरता येतं. तीन पर्यायांची तुलना 2.8 मध्ये, ती PE2.1 ला, गुंतागुंतीचा प्रश्न सोडवण्याची पद्धत. सर्किट आणि अॅक्युम्युलेटरची निवड 2.9 मध्ये, ती PE2.3 ला, डिझाइनची रीत. डंप व्हॉल्व आणि लॉकआउट 2.11 मध्ये, ते PE3.1 ला, नैतिक वागणूक आणि व्यावसायिक जबाबदारी. मॅनेजरला मोठ्या कूलरऐवजी हे पटवलं ते PE3.2 ला, संवाद. एका एपिसोडमध्ये सगळे १६ मुद्दे कोंबायचे नसतात, तिन्ही मिळून सगळे आले पाहिजेत, आणि ज्या नंबरकडे बोट दाखवलंय त्या परिच्छेदात ती गोष्ट खरंच असली पाहिजे. असेसर नंबर बघून तो परिच्छेद उघडून वाचतो. तिथे "मी टीमशी चांगला संवाद साधला" एवढंच असेल तर तो पुरावा धरत नाहीत, कुणाशी, कशाबद्दल, काय अडलं होतं आणि तुम्ही काय मांडलं हे हवं.

उलट टोकही असतं, तेही सांगतो. काही जण हिशोबाची पानंच्या पानं, फोटो, कोष्टकं चिकटवतात. ते नको. हिशोबाचा निकाल, त्यामागचं कारण आणि त्यावरून घेतलेला निर्णय, एवढं पुरतं. कंपनीची ड्रॉइंग तर टाकूच नका, गोपनीयतेचा प्रश्न येतो. प्रत्येक एपिसोडची मांडणी साधारण अशी ठेवा, थोडक्यात ओळख म्हणजे कधी, कुठे, कुठल्या पदावर, मग पार्श्वभूमी आणि कोण कुणाच्या हाताखाली, मग मोठा भाग तुमच्या स्वतःच्या कामाचा, आणि शेवटी दोन-चार ओळींत निष्पत्ती. मोठा भाग खरंच मोठा हवा, निम्म्याहून जास्त शब्द तिथेच जायला हवेत.

आता एजंटच्या रेडीमेड सीडीआरकडे येऊ. त्यात हेच नसतं. तुमची टेंपरेचर गन नसते, तुमचा ऑपरेटर नसतो. असतो तो कुणातरी दुसऱ्याचा एचव्हीएसीचा किंवा कन्व्हेयरचा प्रसंग, नाव बदलून. आणि इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया येणारे सीडीआर सॉफ्टवेअरमधून आधीच्या सीडीआरशी आणि इंटरनेटवरच्या मजकुराशी ताडून बघते. सापडलं तर अर्ज नाकारतात, पुन्हा अर्ज करायला किमान १२ महिने बंदी येऊ शकते, आणि माहिती ऑस्ट्रेलियाच्या होम अफेअर्स खात्याकडे जाते. व्हिसाच्या नियमांत तर असेसमेंट करणाऱ्या संस्थेला खोटी कागदपत्रं किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर व्हिसा नाकारून ३ वर्षांची बंदी घालायची तरतूद आहे. आणि सीडीआरसोबत तुम्ही स्वतः लिहून देता की हे माझंच काम आहे. सही तुमची असते, एजंटची नाही. एका ओळखीतल्या मुलीच्या नवऱ्याने असाच विकत घेतला होता, एजंटने एकच मजकूर दोघांना विकला होता हे त्याला नंतर कळलं. माणूस हुशार, १० वर्षांचा खरा अनुभव, आणि तो अनुभव त्याला लिहूच दिला नाही. वर्ष गेलं, त्या वर्षात वयाचा टप्पा ओलांडला आणि व्हिसाचे पॉइंट्स घसरले. इंग्रजी तपासून घेणं, वाक्यं सुधारून घेणं यात काही गैर नाही. प्रसंग, निर्णय आणि हिशोब मात्र तुमचेच हवेत.

मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून अर्ज करू का प्रॉडक्शन ऑर प्लांट इंजिनिअर म्हणून, हे तुम्ही विचारलेलं नाही पण विचारायला हवं होतं. मेकॅनिकलचा व्यवसाय कोड 233512, प्रॉडक्शन ऑर प्लांटचा 233513. दुसऱ्याच्या व्याख्येत कारखान्यातल्या मशिनरीचं डिझाइन, त्यात बदल, ती चालू ठेवणं, मेंटेनन्स आणि उत्पादनाचं नियोजन हे सगळं येतं, म्हणजे तुमचं रोजचं काम जवळजवळ शब्दशः. पण निर्णय कामाच्या नावावरून घेऊ नका, तीन एपिसोड लिहून झाल्यावर ते कुठल्या व्याख्येत बसतात ते बघून घ्या. वाळूजच्या मुलाचे तीनपैकी दोन प्रसंग मशीन बदलण्याचे आणि एक लाइन लेआउटचा निघाला, म्हणून तो 233513 ने गेला. तुमचे तिन्ही प्रसंग यंत्राच्या डिझाइनचे निघाले तर 233512. एपिसोड एका व्यवसायाचे आणि अर्ज दुसऱ्याचा असं झालं तर शंका विचारतात, कधी दुसऱ्याच व्यवसायाचा किंवा कॅटेगरीचा निकाल देतात. प्रसंग नुसते "ब्रेकडाउन आला, पार्ट बदलला" असे असतील तर प्रोफेशनल इंजिनिअरऐवजी टेक्नॉलॉजिस्टचा निकाल येण्याची शक्यता असते, आणि मेंटेनन्सवाल्यांनी सांभाळायची जागा हीच. फरक पार्ट बदलण्यात नाही, तो का गेला याचं कारण शोधून ते मुळातून काढण्यात आहे.

आता अनुभवाचं. हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं की सीडीआरचा पॉझिटिव्ह निकाल म्हणजे तुमच्या ७ वर्षांना मान्यता असं नाही. तो निकाल व्यवसायाचा. नोकरीच्या वर्षांचं मूल्यमापन ही वेगळी जोडसेवा, वेगळी फी, आणि माझ्या मते तुम्ही ती घ्यावी, कारण वर्षं पॉइंट्समध्ये मोजली जाणार आहेत आणि ती एखाद्या इंजिनिअरने तपासलेली असलेली बरी. त्यासाठी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र लागतं, रुजू झाल्याची तारीख, पद, आठवड्याचे तास, कामाचं वर्णन, सही करणाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क. शिवाय बाहेरचा पुरावा लागतो, म्हणजे फॉर्म १६, फॉर्म २६एएस, पीएफचं स्टेटमेंट, ज्याच्यावर कंपनीचं नाव आणि तुमचं नाव एकत्र दिसतं.

हे पत्र मिळवणं आपल्याकडे सगळ्यात अवघड. एचआर एक ठरलेला मजकूर देतं, "त्यांचं वर्तन चांगलं होतं, पुढील वाटचालीस शुभेच्छा". त्याचा इथे काही उपयोग नाही. म्हणून नोकरीत असतानाच, राजीनामा द्यायच्या आधी, मसुदा तुम्ही तयार करा आणि आधी प्लांट हेडला दाखवा, त्यांना तुमचं काम माहीत असतं, मग त्यांच्यामार्फत एचआरकडे न्या. कामाच्या वर्णनात ५-७ मुद्दे, जे तुमच्या एपिसोडशी जुळतात. पत्रात "सुपरवायझर, मेंटेनन्स" आणि एपिसोडमध्ये "डिझाइन लीड" असं असलं तर पहिला प्रश्न त्याचाच येतो. पदनाम काही का असेना, खरं तेच लिहा, काम वर्णनात उतरवा.

पॉइंट्सचा साधा हिशोब तुमच्यासाठी करून दाखवतो, म्हणजे कशासाठी एवढं ते कळेल. वय २५ ते ३२ ला ३०, बॅचलर डिग्रीला १५, परदेशातला ५ ते ७ वर्षांचा अनुभव मान्य झाला तर १०. हे झाले ५५. आयईएलटीएसला चारही मॉड्यूलमध्ये ७ आले तर १०, चारहींत ८ आले तर २०. म्हणजे ६५ किंवा ७५. किमान ६५ लागतात, पण ६५ ला नाव फक्त रांगेत लागतं, आमंत्रण बहुतेक वेळा त्याच्या वरच्यांना जातं. राज्याने नामांकन दिलं तर 190 नंबरच्या व्हिसात ५ वाढतात, 491 नंबरच्या व्हिसात १५. तुम्ही ३१ चे आहात, ३३ लागलं की वयाचे ३० चे २५ होतात, आणि वय आमंत्रणाच्या दिवशीचं धरतात. तेव्हा एक ते दोन वर्षांची खिडकी आहे, घाई नाही पण ढिलाईही नको. ८ वर्षं पूर्ण झाली आणि ती सगळी मान्य झाली तर अनुभवाचे १५ होतात, त्यामुळे नोकरीचं मूल्यमापन नेमकं कधी मागायचं याचाही विचार करा. असेसमेंटचा निकाल आमंत्रणाच्या आधीच्या तारखेचा हवा, हे पक्कं लक्षात ठेवा, नंतर मिळवून चालत नाही.

आणि इथे एक घोळ नेहमी होतो. असेसमेंटला चारहींत ६ पुरतात म्हणून लोक ६.५ वर थांबतात. ते असेसमेंटला चालतं, पण पॉइंट्सना त्याचा शून्य उपयोग. परीक्षा एकदाच द्यायची तर ८ डोळ्यासमोर ठेवून द्या, रायटिंगमध्येच सगळे अडकतात, आणि तुम्ही तीन एपिसोड स्वतः इंग्रजीत लिहिले तर रायटिंगचा सराव आपोआप होतो हे मी अनेकांच्या बाबतीत बघितलंय.

मग सुरुवात कुठून? क्रम असा ठेवा. या आठवड्यात एनबीएची यादी तपासा. पदवीचं प्रमाणपत्र विद्यापीठातून काढलंय का ते बघा, २०१६ च्या बॅचचे कितीतरी जण अजून प्रोव्हिजनलवरच आहेत, ते काढायला वेळ लागतो. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, एटीकेटीच्या सकट, ओरिजिनलवरून रंगीत स्कॅन करा. आणि मग लिहायला बसू नका. आधी जुने ब्रेकडाउन लॉग, ईमेल, वहीची मागची पानं काढा, आणि असे प्रसंग शोधा जिथे तुम्ही काहीतरी मोजलंत आणि त्या मोजणीमुळे निर्णय बदलला. सात वर्षांत असे तीन नक्की निघतील. प्रत्येकासाठी चारच प्रश्न, काय बिघडलं होतं, मी काय मोजलं, कुठले पर्याय होते आणि मी कुठला का सोडला, आणि नंतर फरक पडला हे मला कशावरून कळलं. उत्तरं आधी मराठीत लिहा, जशी शेजाऱ्याला सांगाल तशी. इंग्रजी नंतर.

एक प्रसंग असा लिहून झाला की कंपनीचं नाव काढून इथेच खाली टाका, पाचशे शब्द असले तरी चालतील. रविवारी सकाळी माझी वाचायची वेळ असते, कुठे "आम्ही"च्या मागे तुम्ही लपलाय ते मी खुणा करून सांगेन.